सहाव्या मजल्याची तळमजल्यावर आलेली नक्कल

पुण्यातल्या एखाद्या सात मजली रुग्णालयाचं चित्र डोळ्यांसमोर आणू. सहाव्या मजल्यावर पॅथॉलॉजीची लॅब आहे. सकाळी साडेअकराच्या सुमाराला रिपोर्ट न्यायला आलेल्या नातेवाइकांची खिडकीपुढे रांग लागते आणि नेमका त्याच वेळी काउंटरवरचा कॉम्प्युटर अडकायला लागतो. तिथली मुलगी रुग्णाचा नंबर टाकते, एंटर दाबते आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं. आठ-नऊ सेकंदांनी रिपोर्ट उघडतो. पुढचा चटकन उघडतो, त्याच्या पुढचा पुन्हा अडकतो. दुपारी दीडनंतर सगळं सुरळीत.

तक्रार जाते. सॉफ्टवेअर सांभाळणारे म्हणतात, नेटवर्क स्लो आहे. नेटवर्कवाला तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममधून पिंग करून पाहतो; एका मिलिसेकंदात उत्तर येतं. तो म्हणतो, आमच्याकडून सगळं ओके आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत, आणि दोघांकडेही पुरावा नाही. असे वाद कार्यालयांमध्ये आठवडेच्या आठवडे चालतात, कारण त्या नऊ सेकंदांत तारेवर नक्की काय झालं, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

पाहायची सोय आहे. कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्यात जे काही जातं-येतं ते पॅकेट नावाच्या छोट्या छोट्या तुकड्यांनी जातं, आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक असतो. हे तुकडे वेळेसकट नोंदवून ठेवणारा वायरशार्क हा प्रोग्राम फुकट मिळतो. जेराल्ड कॉम्ब्स यांनी तो १९९८ मध्ये इथेरियल या नावाने बाहेर आणला, २००६ मध्ये त्याचं नाव बदललं, आणि आज नेटवर्कचं काम करणाऱ्या बहुतेकांच्या लॅपटॉपवर तो असतो. अडचण प्रोग्रामची नाहीच. लॅपटॉप तळमजल्यावर आहे आणि पॅकेट सहाव्या मजल्यावर, ही अडचण आहे.

पूर्वी एका मजल्यावर तरी ही अडचण नव्हती. तेव्हा कॉम्प्युटर हबला जोडलेले असत, आणि हब एका तोंडातून आलेलं पॅकेट बाकीच्या सगळ्या तोंडांतून बाहेर टाकत असे. चाळीच्या सामाईक गॅलरीत कुणी बोललं की साऱ्या बिऱ्हाडांना ऐकू जावं, तसं. स्विचने ही गॅलरी बंद केली. कोणता कॉम्प्युटर कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच शिकून घेतो आणि पॅकेट फक्त त्याच पोर्टला देतो. असा पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आणला तो विनोद भारद्वाज यांनी सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या एका अमेरिकन कंपनीने. तिचं नाव होतं कल्पना. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विचमुळे गर्दी कमी झाली आणि गुप्तताही वाढली, पण बिघाड शोधणाऱ्याचे कान बंद झाले. स्विचला नुसता लॅपटॉप जोडून वायरशार्क सुरू केला, तर दिसतात ती स्वतःची पॅकेट आणि सगळ्यांसाठी दिलेल्या काही आरोळ्या.

म्हणून स्विचमध्येच एक सोय ठेवावी लागली. अमुक पोर्टवरून जे जाईल-येईल त्याची नक्कल तमुक पोर्टवर टाक, असं स्विचला सांगता येतं. सिस्कोच्या भाषेत याला स्पॅन म्हणतात, इतर कंपन्या पोर्ट मिररिंग म्हणतात. मूळ पॅकेट आपल्या वाटेने जातं. त्याला थांबवलं जात नाही की बदललं जात नाही. तहसील कार्यालयातून सातबाराची नक्कल काढली म्हणून मूळ दप्तर जागचं हलत नाही, तसंच हे.

साध्या स्पॅनची मर्यादा अशी की नक्कल त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टवर मिळते. म्हणजे सहाव्या मजल्याच्या डक्टमध्ये, कुलूपबंद कपाटापाशी, लॅपटॉप घेऊन कुणीतरी बसायला हवं. एखाद्या तासाचं काम असेल तर बसावंच. तो सर्वांत सरळ उपाय आहे. पण बिघाड रोज वेगवेगळ्या मिनिटाला येत असेल, चार दिवस सलग नोंद ठेवायची असेल, आणि नोंद ठेवणारं मोठ्या डिस्कचं मशीन सर्व्हर रूममध्ये असेल, तर नक्कलच खाली आणावी लागते. वाटेत तिसऱ्या मजल्यावर आणखी एक स्विच आहे, त्यामुळे तिला तीन स्विच ओलांडायचे आहेत. या प्रकाराला रिमोट स्पॅन म्हणतात. बोलताना सगळे आरस्पॅन म्हणतात.

आरस्पॅनची युक्ती एका वाक्यात सांगता येते: नकलांसाठी एक वेगळी व्हीलॅन राखून ठेवायची. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर आखलेली वेगळी गल्ली. लॅबची पॅकेट ६० नंबरच्या गल्लीतून जातात, हिशेब विभागाची ७० नंबरच्या, आणि मजल्यांना जोडणाऱ्या मोठ्या तारेवरून, म्हणजे ट्रंकवरून, सगळ्या गल्ल्या एकत्र धावतात; कुठलं पॅकेट कुठल्या गल्लीतलं हे त्यावरच्या चिठ्ठीने कळतं. नकलांसाठी समजा ९०० नंबर घेतला. या गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर राहायला नाही, आणि तशी सक्त अट आहे. सहाव्या मजल्यावरचा स्विच लॅबच्या पोर्टची नक्कल ९०० मध्ये टाकतो, तिसऱ्या मजल्यावरचा पुढे ढकलतो, तळमजल्यावरचा ती उचलून नोंद ठेवणाऱ्या मशीनच्या पोर्टवर देतो.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतल्या स्विचवर हे काम मोजक्या ओळींचं आहे. आधी तिन्ही स्विचवर गल्ली आखायची:

```
vlan 900
 name NAKKAL
 remote-span
```

मग सहाव्या मजल्यावर, जिथे काउंटरचा कॉम्प्युटर १४ नंबरच्या पोर्टवर आहे, तिथे नक्कल सुरू करायची. शेवटचा `both` हा शब्द सांगतो की जाणारं आणि येणारं, दोन्ही हवं:

```
monitor session 1 source interface Gi1/0/14 both
monitor session 1 destination remote vlan 900
```

आणि तळमजल्यावर ती उतरवून घ्यायची:

```
monitor session 1 source remote vlan 900
monitor session 1 destination interface Gi1/0/24
```

तिसऱ्या मजल्याच्या स्विचवर `monitor` ची एकही ओळ लागत नाही. त्याने फक्त वाट द्यायची. पण वाट द्यायची म्हणजे दोन्ही बाजूंच्या ट्रंकवर ९०० ला परवानगी हवी, आणि इथेच या कामातली सर्वांत महागडी चूक होते. बरोबर ओळ अशी:

```
switchport trunk allowed vlan add 900
```

यातला `add` राहिला, तर स्विच त्याचा अर्थ ‘९०० सुद्धा’ असा न घेता ‘फक्त ९००’ असा घेतो. एंटर दाबल्याबरोबर ६०, ७० आणि बाकीच्या साऱ्या गल्ल्या त्या ट्रंकवरून बंद होतात. अख्खा सहावा मजला अंधारात जातो. त्यात मजल्याचा स्विच दुरून सांभाळायची व्हीलॅनही त्याच ट्रंकवर असेल, तर ज्या खिडकीतून ही ओळ टाइप केली तीही गोठते, आणि सुधारायला जिना चढून, कन्सोल केबल घेऊन जावं लागतं. म्हणून जाणते लोक हे काम ओपीडीच्या वेळेत करत नाहीत. `reload in 10` असा हुकूम आधी देऊन ठेवतात. दहा मिनिटांत तो रद्द केला नाही, तर स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो आणि सेव्ह न केलेली चूक विसरतो. अर्थात तोवर काहीही सेव्ह करायचं नाही, आणि सगळं नीट झालं की `reload cancel` द्यायला विसरायचं नाही.

आता ती `remote-span` ची ओळ. दिसायला ती नावाच्या पाटीसारखी वाटते, त्यामुळे अनेकांकडून मधल्या स्विचवर राहून जाते. व्हीलॅन तर केली, ट्रंकवर परवानगी दिली, मग आणखी काय हवं, असं वाटतं. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे.

साधा स्विच येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरून शिकतो: या मॅक अ‍ॅड्रेसचं यंत्र या बाजूला आहे. पुढे त्या यंत्रासाठी पॅकेट आलं की ते फक्त त्या बाजूला पाठवतो. आणि ज्या बाजूने पॅकेट आलं त्याच बाजूला घेणाराही असेल, तर पुढे पाठवायचं कारणच नाही म्हणून टाकून देतो. रोजच्या कामात हे शहाणपणाचं आहे. पण नकलांच्या गल्लीत काय होतं पाहा. काउंटरच्या कॉम्प्युटरने पाठवलेल्या पॅकेटची नक्कल सहाव्या मजल्याकडून येते. त्याला आलेल्या उत्तराची नक्कलही सहाव्या मजल्याकडूनच येते. तिसऱ्या मजल्यावरचा स्विच शिकतो की दोघंही वरच्याच बाजूला आहेत. मग त्यांचं बोलणं खाली कशाला पाठवायचं? तो ते टाकून देतो. `remote-span` ही ओळ त्याला सांगते की या गल्लीत काहीही शिकायचं नाही, जे येईल ते सगळं पुढे ढकलायचं.

ही ओळ राहिली आहे हे ओळखायची खूण अगदी ठसठशीत आहे. तळमजल्यावर वायरशार्कमध्ये सगळ्यांसाठी दिलेल्या आरोळ्या, म्हणजे ब्रॉडकास्ट, व्यवस्थित दिसतात. सुरुवातीची एक-दोन खासगी पॅकेट दिसतात. आणि मग संभाषण गडप होतं. नुसतीच येणारी बाजू नकलली असेल तर संभाषण एकतर्फी दिसतं, जणू कॉम्प्युटर प्रश्न विचारतोय आणि कुणी उत्तरच देत नाही. नवखा माणूस इथे लगेच सर्व्हरला दोष देऊन मोकळा होतो. आधी तिन्ही स्विचवर `show vlan remote-span` द्यावं. ज्या स्विचवर ९०० दिसत नाही, दोष तिथे.

शिकायचं नाही, सगळं ढकलायचं, या नियमाला दुसरी बाजूही आहे. ९०० ला ज्या ज्या ट्रंकवर परवानगी आहे, त्या प्रत्येक ट्रंकवर नक्कल जाते, पलीकडे ती उचलणारं कुणी असो वा नसो. अनेक ठिकाणी ट्रंकवर सर्व व्हीलॅनना मोकळी वाट दिलेली असते. तिथे सहाव्या मजल्याची नक्कल दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या मजल्यांवरही विनाकारण फिरून येते. लॅबपासून सर्व्हर रूमपर्यंतच्या वाटेवरचे ट्रंक सोडून बाकी ठिकाणी ९०० बंद ठेवणं हे टापटिपीचं काम वाटलं, तरी बाकीच्या मजल्यांचा वेग त्यावर अवलंबून असतो.

वेगाचा हिशेब मात्र कागद-पेन्सिल घेऊनच करायला हवा, कारण मोठे घोटाळे इथे होतात.

आपल्या रुग्णालयात पहिल्या दिवशी असंच झालं असं धरू. कोणता कॉम्प्युटर अडकेल सांगता येत नाही, म्हणून नेटवर्कवाल्याने एका पोर्टऐवजी लॅबची पूर्ण ६० नंबरची व्हीलॅनच दोन्ही बाजूंनी नकलली. सहाव्या मजल्यावरून खाली जाणारी तार सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट वाहून नेते. साडेअकराला स्कॅन केलेल्या प्रतिमा सर्व्हरकडे जात असतात, त्या धरून खाली जाणारी वाहतूक ३०० मेगाबिट, आणि सर्व्हरकडून वर येणारी २००. तार दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे हजार नेते, त्यामुळे दोन्हीकडे भरपूर जागा दिसते.

पण नकला एकाच दिशेने जातात, खाली. वर येणाऱ्या पॅकेटचीही नक्कल खालीच जाते. शिवाय पूर्ण व्हीलॅन दोन्ही बाजूंनी नकलली की प्रत्येक पॅकेट दोनदा मोजलं जातं: स्विचमध्ये शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. आता बेरीज करू. मूळ ३००, त्यांच्या दुहेरी नकला ६००, वर येणाऱ्या २०० च्या दुहेरी नकला ४००. एकूण तेराशे. तार हजाराची. तीनशे मेगाबिट दर सेकंदाला कुठेतरी सांडणारच, आणि स्विच त्याबद्दल आरडाओरडा करत नाही. तो पॅकेट टाकतो आणि एका आकड्यात एक मिळवतो. याहून वाईट म्हणजे सांडताना तो नक्कल कुठली आणि मूळ कुठलं असा भेद करेलच असं नाही. दोन्ही एकाच तारेच्या रांगेत उभी असतात. बिघाड शोधायला लावलेल्या उपकरणाने लॅबच्या खऱ्या वाहतुकीलाच धक्का दिला.

नुसती शिरणारी बाजू नकलली असती, तर प्रत्येक पॅकेट एकदाच मोजलं गेलं असतं: ३००, अधिक ३००, अधिक २००, म्हणजे आठशे. तार पुरली असती, पण जेमतेम. एकच पोर्ट नकललं असतं तर काउंटरच्या त्या कॉम्प्युटरची वाहतूक दोन-चार मेगाबिट. कुणाला जाणवलीही नसती. या कामात एक पोर्ट, तेही संशयाच्या जागचं, निवडणं हेच निम्मं यश आहे. सगळं पाहायचा मोह टाळता येत नसेल, तर नकलांसाठी वेगळी तार ओढावी.

त्या पहिल्या दिवशीची नोंद उघडली की वायरशार्कचा पडदा काळ्या-लाल ओळींनी भरलेला दिसतो. शिकाऊ मुलगा लगेच म्हणतो, “सर, सापडलं. पॅकेट लॉस आहे. शेकडो पॅकेट गायब आहेत.”

“कुठे गायब आहेत?” सिनियर विचारतो. “तारेवर, की आपल्या नकलेत?”

या प्रश्नाचं उत्तर त्याच पडद्यावर असतं, आणि या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी ज्ञान मला तरी हेच वाटतं. टीसीपी या पद्धतीने होणाऱ्या बोलण्यात प्रत्येक बाजू दुसरीला पोचपावती देते: अमुक क्रमांकापर्यंत मिळालं. रजिस्टर्ड पोस्टाचंच तत्त्व. एखादं पॅकेट खरोखर तारेवर हरवलं, तर घेणारा त्याची पावती देत नाही. उलट जुनीच पावती पुन्हा पुन्हा पाठवून, मधलं मिळालं नाही, असं कळवतो, आणि पाठवणारा ते पॅकेट नव्याने पाठवतो. म्हणजे खऱ्या नुकसानीच्या मागोमाग पुन्हा पाठवण्याची धावपळ दिसायलाच हवी.

पण नोंदीत पॅकेट नाही आणि त्याची पोचपावती मात्र आहे, असं दिसलं तर? वायरशार्क अशा ओळीवर `TCP ACKed unseen segment` असं लिहितो. न पाहिलेल्या पत्राची पोचपावती आली, याचा अर्थ पत्र ज्याला हवं त्याला पोचलं. आपल्यालाच त्याची नक्कल मिळाली नाही. तार निर्दोष, नक्कल अपुरी. अशा ओळी थोड्या नव्हे, ढिगाने दिसल्या, आणि पुन्हा पाठवलेली पॅकेट त्या मानाने फारच थोडी असली, तर त्या नोंदीवरून नेटवर्कबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नये. नकलेची वाट दुरुस्त करावी आणि नोंद नव्याने घ्यावी. दुजोरा हवा असेल तर सहाव्या मजल्यावर खाली जाणाऱ्या पोर्टचं `show interfaces` पाहावं. `Total output drops` हा आकडा दर मिनिटाला चढत असेल, तर शंका उरत नाही.

दुसऱ्या दिवशी फक्त १४ नंबरचं पोर्ट नकललं. तळमजल्यावरच्या मशीनवर नोंद अशी लावली:

```
dumpcap -i eth1 -s 128 -f "host 10.6.0.37" \
 -b filesize:100000 -b files:50 -w lab.pcapng
```

यात प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच ठेवले जातात, तेही फक्त काउंटरच्या कॉम्प्युटरचे. शंभर-शंभर मेगाबाइटच्या पन्नास फायली भरल्या की सर्वांत जुनी पुसून नवी सुरू होते. डिस्क कधी भरत नाही, आणि अडकल्याचा फोन आला की मागच्या तासाभराची नोंद हाताशी असते. या मशीनचं जे कार्ड नकलेच्या पोर्टला जोडलेलं आहे, त्याला इंटरनेट मिळत नाही. स्विच त्या पोर्टची अवस्था `down (monitoring)` अशी दाखवतो. ते बिघडलेलं नाही; त्या पोर्टने आता फक्त ऐकवायचं, ऐकायचं नाही, असा त्याचा अर्थ. मशीन दुरून वापरायचं असेल तर त्याला दुसरं नेटवर्क कार्ड हवं.

अकरा बेचाळीसला काउंटरवरून फोन आला: आत्ता अडकलंय. नोंदीतल्या त्या मिनिटाच्या तीन ओळी सगळी गोष्ट सांगतात. ११ वाजून ४२ मिनिटं ७.३१० सेकंदांनी कॉम्प्युटरने रिपोर्टची मागणी पाठवली. ७.३५२ ला, म्हणजे बेचाळीस मिलिसेकंदांनी, सर्व्हरची पोचपावती आली. आणि उत्तराचं पहिलं पॅकेट आलं १६.२१८ ला. मधल्या जवळजवळ नऊ सेकंदांत तारेवर काहीही नाही. हरवलेलं नाही, पुन्हा पाठवलेलं नाही. काहीच नाही.

पोचपावती सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम देते, रिपोर्ट शोधणारा प्रोग्राम देत नाही. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर शिक्का लगेच मिळतो. साहेबांची सही नंतर. इथे शिक्का बेचाळीस मिलिसेकंदांत मिळाला आणि सहीला नऊ सेकंद लागले. मागणी सहा मजले उतरून सर्व्हरपर्यंत पोचली होती. वेळ सर्व्हरच्या आत गेला. (मध्ये प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर असेल तर पावती त्याची असू शकते, एवढं तपासून घ्यावं, मग हीच नोंद त्याच्या पलीकडच्या पोर्टवरही घ्यावी लागते.) वाहतूक कूटबद्ध असली तरी हा हिशेब अडत नाही, कारण आतला मजकूर वाचायची गरजच पडत नाही. कोण, कुणाला, किती वाजता, एवढं पुरतं.

हे तीन आकडे समोर ठेवल्यावर सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी डेटाबेस पाहिला. रोज साडेअकराला सुरू होणारा हिशेबाचा एक मोठा अहवाल रिपोर्टचं टेबल दोन तास अडवून ठेवत होता. तो रात्री दोन वाजता लावला आणि काउंटरवरचं चक्र थांबलं.

आरस्पॅनने जे दिसत नाही तेही माहीत असलेलं बरं. मूळ पॅकेट कोणत्या गल्लीतलं होतं ही चिठ्ठी नकलेवर राहत नाही, तिच्या जागी ९०० येतं. त्यामुळे व्हीलॅनच चुकली असावी असा संशय असेल तर हा मार्ग निरुपयोगी. खराब केबलमुळे मोडतोड झालेली पॅकेट स्विच दारातच टाकून देतो, त्यांची नक्कल होतच नाही. केबलचा संशय असेल तर पोर्टवरचे एररचे आकडे पाहावेत, वायरशार्क नको. आणि नक्कल तीन स्विचच्या रांगांतून येते, त्यामुळे मिलिसेकंदाच्या अंशांत मोजायच्या गोष्टी, उदाहरणार्थ इंटरकॉमच्या आवाजातला थरकाप, तिच्यावरून ठरवू नयेत. नऊ सेकंदांच्या शोधात एखाद्या मिलिसेकंदाची चूक बिनमहत्त्वाची. आवाजाच्या तपासात तीच सगळं बिघडवते. तिथे सहाव्या मजल्यावर जाऊनच बसावं.

इमारत एक न राहता शहराच्या दोन टोकांना दोन झाल्या आणि मध्ये राउटर आला, तर आरस्पॅन तिथे थांबतो, कारण गल्ली राउटर ओलांडत नाही. तेव्हा ईआरस्पॅन वापरतात. त्यात प्रत्येक नक्कल दुसऱ्या आयपी पॅकेटच्या लिफाफ्यात घालून पाठवतात. प्रचलित दुसऱ्या प्रकारात हा लिफाफा प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइटचा असतो, आणि वाटेतल्या तारा तेवढं मोठं पॅकेट घेतात का हे आधी पाहावं लागतं. घेत नसतील तर छोटी पॅकेट येतात आणि मोठी येत नाहीत, अशी विचित्र नोंद हाती लागते.

शेवटी एक गोष्ट परवानगीची. ९०० च्या गल्लीतून जाणाऱ्या नकला उघड्या असतात. वाहतूक मुळात कूटबद्ध नसेल तर रुग्णाचं नाव, आजार, पासवर्ड, सगळं त्यात असतं. १२८ बाइटची मर्यादा त्यासाठीच घालायची, तरी तेवढ्यातही थोडाफार मजकूर येऊ शकतो. त्यामुळे कोणतं पोर्ट, किती दिवस, फायली कुणाकडे राहणार आणि कधी पुसणार, हे व्यवस्थापनाकडून लेखी घेतल्याशिवाय `monitor` ची पहिली ओळ टाइप करू नये. रुग्णालय असो वा बँक, हा नियम मोडायला कुठलंही तातडीचं कारण पुरेसं नाही.

आणि काम संपलं की नक्कल बंद करा. हे काम हटकून राहून जातं. बिघाड सापडतो, सगळे चहाला जातात, आणि लॅबची नक्कल सहा महिने तशीच खाली वाहत राहते. पुढे कधीतरी १४ नंबरच्या पोर्टला स्कॅनिंगचं मोठं मशीन जोडलं जातं, तार तुंबते, आणि कारण कुणालाच आठवत नाही. वरच्या आणि खालच्या स्विचवर ही एक ओळ द्या:

```
no monitor session 1
```

मग `show monitor` देऊन यादी रिकामी आहे ना ते पाहा, ट्रंकवरून ९०० काढा (इथेही `remove` हा शब्द विसरू नका), सेव्ह करा, आणि पॅकेटच्या फायली ठरलेल्या तारखेला पुसून टाका.